काटेबाईंनी नाव काढून घेतलं

"माझं नाव घ्यायचं असेल, तर आधी मला विचारा."

काटेबाईंचं हे बोलणं आमच्या शीतगृहाच्या डॉकवरच्या, म्हणजे ट्रकात माल चढवायच्या धक्क्यावरच्या, प्रत्येकानं कधी ना कधी ऐकलेलं आहे. कुणी गेटवर रखवालदाराला सांगायचा, बाईंनी आत सोडायला सांगितलंय. कुणी कॅन्टीनवाल्याला सांगायचा, बाईंच्या खात्यावर चहा दे. ते बाईंच्या कानावर गेलं की त्या चिडायच्या नाहीत, ओरडायच्या नाहीत. त्या माणसासमोर जाऊन उभ्या राहायच्या आणि एवढंच बोलायच्या. ज्याला बोलल्या तो पुढचे काही दिवस दुसऱ्या दारानं जायचा.

काटेबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. शीतगृहाच्या आवारात शिरताना उजव्या हाताला ट्रक तोलायचा मोठा वजनकाटा आहे. त्याच्या शेजारच्या पत्र्याच्या खोलीत त्या पोरवयात कामाला लागल्या. खिडकीतून ट्रकचा नंबर घ्यायचा, भरला ट्रक तोलायचा, रिकामा तोलायचा, वजाबाकी करून चिठ्ठी द्यायची. पुढे त्या डॉकवर आल्या, मग माल पाठवणीच्या प्रमुख झाल्या, त्यांना काचेची केबिन मिळाली, पण नाव काट्यावरचंच राहिलं. त्यांनाही ते आवडत असावं. कारण कुणी मॅडम म्हटलं की त्या मागे वळून बघायच्या, कुणाला हाक मारली म्हणून.

उंचीनं बेताच्या, चालणं संथ, अंगावर बारा महिने लोकरीचं जाकीट. उणे अठरा अंशांत आणि उन्हात दिवसातून कितीदा तरी आतबाहेर करणाऱ्या माणसाला ऋतू उरत नाहीत. बोलणं कमी. पण त्या कमी बोलण्याला आमच्याकडे फार वजन होतं, आणि ते कुठे सगळ्यात जास्त दिसायचं म्हणाल, तर भरतीच्या टेबलावर.

ते कसं, हे आधी सांगायला हवं.

कंपनीत जागा निघाली की जाहिरात संगणकावर पडते. मग अर्ज येतात, आणि ते आधी कुणी माणूस वाचत नाही. यंत्र वाचतं. जाहिरातीत काय मागितलंय आणि अर्जात काय लिहिलंय ते जुळवून बघतं आणि शंभरापैकी गुण देतं. ज्याला जास्त गुण तो वर, ज्याला कमी तो खाली. भरतीवाली मुलगी सकाळी येते, वरचे काही अर्ज उघडते, आणि माणसं पुरेशी मिळाली की थांबते. खालचे तसेच राहतात. त्यांना कुणी नाही म्हटलेलं नसतं, त्यांच्यापर्यंत कुणी पोचलेलंच नसतं. काही दिवसांनी यंत्रच त्यांना गोड शब्दांत कळवतं की आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आभार.

पण एक दुसरी वाट आहे. कंपनीतल्या माणसानं आपल्या खात्यातून एखाद्याची शिफारस केली, की त्या अर्जावर शिफारस करणाऱ्याचं नाव लागतं आणि तो वेगळ्या रांगेत येतो. त्या रांगेतला प्रत्येक अर्ज माणसानं उघडून बघायचा असा नियमच आहे, गुण कितीही असोत. गुण पुसले जात नाहीत. ते कोपऱ्यात तसेच दिसत राहतात. फक्त ते बघायच्या आधी नाव दिसतं.

भरतीवाली मुलगी एकदा डॉकवर चहा प्यायला आली होती. तिनं सांगितलेलं माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. ती म्हणाली, "अनोळखी अर्ज उघडला की मी नाही म्हणायला कारण शोधते. मला ढीग कमी करायचा असतो ना. पण ओळखीचं नाव लागलेला उघडला की मी हो म्हणायला कारण शोधते. कागद तोच असतो. माझेच डोळे बदलतात."

आम्ही विचारलं, कुणाचंही नाव चालतं का. ती हसली. म्हणाली, काही लोक वाटेल त्याला पुढे ढकलतात, शेजाऱ्याला, शेजाऱ्याच्या जावयाला. त्यांचं नाव दिसलं की ती अर्ज उघडते, कारण नियम आहे, आणि लगेच मिटते. पण काटेबाईंचं नाव दिसलं की हातातला चहा बाजूला ठेवते. बाई फार थोड्यांची शिफारस करायच्या, आणि त्यांनी आणलेलं एकही माणूस पळालं नव्हतं.

बाईंना नावाची ही किंमत कुणी शिकवली, तर साहेबांनी.

साहेब म्हणजे बाई काट्यावर होत्या तेव्हाचे इथले व्यवस्थापक. उंच, हसरा माणूस. खांद्यावर हात ठेवून बोलायची सवय. कामाला खोटा म्हणता येणार नाही. एकदा थंडी करणारं यंत्र बंद पडलं आणि आतला माल जायची वेळ आली, तेव्हा हा माणूस स्वतः जाकीट चढवून हमालांबरोबर आत उभा राहिला होता आणि माल दुसऱ्या खोलीत हलवेपर्यंत बाहेर आला नव्हता. हे बाईंनी डोळ्यांनी पाहिलेलं.

त्याच दिवसांत दुसऱ्या शाखेत साठवणीवर देखरेख करायची जागा निघाली. बाईंचा धाकटा भाऊ तेव्हा फळांच्या वखारीत होता. केळी कधी पिकवायची, खोलीत हवा किती सोडायची, कुठली पेटी वर, कुठली खाली, हे त्याच्या हाताला कळायचं. पण त्याच्या अर्जात जाहिरातीतला एकही शब्द नव्हता. त्यानं आपलं साधं लिहिलं होतं, फळं सांभाळतो. यंत्रानं त्याला बेताचे गुण दिले. बाई साहेबांकडे गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे काही मागायला गेल्या. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, काटेवाली, तुझा भाऊ तो माझा भाऊ, टाकतो की माझं नाव.

आणि टाकलं. खरंच टाकलं. अर्ज उघडला गेला, भावाला बोलावणं आलं, मुलाखत छान झाली. भाऊ परत येताना पेढ्यांचा पुडाच घेऊन आला. साहेब त्याला गेटवर भेटले, पाठ थोपटली आणि म्हणाले, काम झालं समज. पोरगं भोळं. त्यानं ते खरं मानलं. वखारवाल्याला सांगून टाकलं की दुसरा माणूस बघा.

पुढे काहीच आलं नाही. फोन नाही, पत्र नाही. त्या जागेवर दुसराच कुणी बसला आणि तो साहेबांचा साडू निघाला. वखारीतली जागाही गेली. भाऊ बरेच दिवस घरी बसला, आणि बसल्या बसल्या त्याच्या मनात एकच गोष्ट मुरत गेली. एक दिवस बाई डबा घेऊन त्याच्याकडे गेल्या तर तो दारातच म्हणाला, "ताई, तू नीट सांगितलंच नसशील. तुला वाटलं असेल, हा उद्या माझ्या बरोबरीला येईल."

बाईंनी डबा उंबऱ्यावर ठेवला आणि परत आल्या. त्यानंतर भाऊ गाव सोडून लांब गेला. वर्षानुवर्षं बोलणं नाही. भाच्याचं लग्न झालं तर मामा आला, जेवला आणि बहिणीच्या पंगतीला पाठ करून बसला. बाई वाढायला गेल्या तर त्यानं ताटावर आडवा हात धरला.

पुढे त्या दुसऱ्या शाखेचे प्रमुख निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाच्या चहाला बाई गेल्या होत्या. तोवर साहेब मोठ्या पगारावर दुसऱ्या कंपनीत निघून गेले होते. म्हातारे प्रमुख कप हातात घेऊन सहज बोलले, बोलायला विषय हवा म्हणून. म्हणाले, तुझा भाऊ मला फार आवडला होता बघ. गुण कमी होते, पण म्हटलं पोरगा हाडाचा कामगार आहे. घेण्याआधी तुझ्या साहेबांना फोन केला. शिफारस त्यांची होती, विचारायला नको? विचारलं, घेऊ का. तर म्हणाले, "माझी काही हरकत नाही."

बाई म्हणाल्या, मग?

म्हातारे म्हणाले, मग काय. ज्यानं नाव टाकलंय तो माणूस हरकत नाही म्हणतो, म्हणजे त्याला घ्यायचा नसतो. घ्यायचा असता तर म्हणाला असता, डोळे मिटून घ्या. मी पेन खाली ठेवलं. मग त्यांनीच दुसरं एक नाव सुचवलं.

बाईंनी चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि काट्यावर आल्या. त्या दिवशी त्यांनी एकाही ट्रकवाल्याला नेहमीसारखं 'ये, बस' म्हटलं नाही.

त्यांनी भावाला फोन करून सगळं सांगितलं.  मग तो म्हणाला, आता काय त्याचं ताई. हळूहळू तो यायला-जायला लागला, पण पहिल्यासारखं नाही. फाटलेलं शिवलं तरी टाका दिसतोच. बाईंनी तो राग कुणाजवळ बोलून दाखवला नाही. माल जसा उणे अठराला ठेवतात तसा ठेवला. तिथे काही नासत नाही.

आणि मग एक दिवस साहेब गेटवर आले.

रखवालदाराच्या केबिनमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. केस पांढरे, शर्ट मात्र कडक इस्त्रीचा. ज्या कंपनीत गेले होते ती बंद पडली होती. दोन वर्षं घरी होते. आमच्या कंपनीची नवी शाखा उघडत होती आणि तिथे प्रमुखांच्या हाताखाली व्यवस्थापक हवा होता. साहेबांनी संकेतस्थळावरून अर्ज केला होता, यंत्रानं आभार मानले होते. पुन्हा केला, पुन्हा आभार. तेव्हा त्यांना समजलं असावं की दार पुढून उघडणार नाही.

बाई आल्या तसे ते उठून उभे राहिले. पूर्वी काटेवाली म्हणायचे, आता ताई म्हणाले. "ताई, तुमचं इथे मोठं नाव आहे म्हणे. माझ्यासाठी एक शब्द टाका."

बाईंनी त्यांच्यासाठी चहा मागवला आणि अर्जाचा कागद वाचला. त्यांना आता कागद वाचता येत होता. भरतीवाल्या मुलीसारखा दोन्ही डोळ्यांनी. एका डोळ्यानं दिसत होतं की नव्या शाखेतले सरकते रॅक या माणसानं कधी चालवले नाहीत, तापमान नोंदवायच्या नव्या पद्धतीचं प्रमाणपत्र नाही, दोन वर्षांची रिकामी जागा आहे, आणि उरलेल्या कागदावर नेतृत्व, दूरदृष्टी असले हवेत उडणारे शब्द आहेत. दुसऱ्या डोळ्यानं दिसत होता यंत्र बंद पडल्यावर आत उभा राहिलेला माणूस.

बाईंनी तोवर काहीच ठरवलं नव्हतं, हे मी खात्रीनं सांगतो. रखवालदार तिथेच होता, त्यानं पाहिलं. त्यांनी कागदाची घडी केली आणि साधेपणानं विचारलं, "माझा भाऊ आठवतो का साहेब?"

"आठवतो की," साहेब म्हणाले. "कसा आहे? त्या शाखेतच आहे ना अजून? आपणच लावला होता त्याला."

रखवालदार सांगतो, बाईंच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. ज्यानं माणसाचा घास काढला, त्याच्या आठवणीत तो माणूस पोटभर जेवून उठला होता. साहेब खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. साहेबांनी काही लपवलं असतं, ओशाळले असते, नजर चुकवली असती, तर बाईंनी कदाचित कागद परत दिला असता आणि विषय तिथे मिटला असता. पण इथे लपवायला काही नव्हतंच.

बाई म्हणाल्या, "चहा घ्या. देते मी माझं नाव."

त्याच दिवशी त्यांनी शिफारस लिहिली. फॉर्ममध्ये विचारतात, ओळख कशी, सोबत काम केलंय का, कशावरून शिफारस करता. बाईंनी खोटा शब्द लिहिला नाही. यांच्या हाताखाली काम केलंय, लिहिलं. यंत्र बंद पडलं त्या दिवशी काय पाहिलं ते लिहिलं. माल, हमाल आणि ट्रकवाले तिन्ही सांभाळता येतात, लिहिलं.

पुढचं सगळं भरतीवाल्या मुलीनं नंतर सांगितलं. अर्ज वेगळ्या रांगेत आला. कोपऱ्यात गुण छप्पन्न. याच माणसाचा याच गुणांचा अर्ज दोनदा तिच्या ढिगाच्या तळाशी पडून होता, तिला पत्ताही नव्हता. आता तिनं चहा बाजूला ठेवला. दोन वर्षांची रिकामी जागा दिसली. एरवी ती म्हणाली असती, घरी बसलेला माणूस. आता म्हणाली, कंपनी बंद पडली असेल, विचारू या. प्रमाणपत्र नाही, तर शिकवता येईल. हवेतले शब्द तर तिनं वाचलेच नाहीत. त्यांच्या जागी तिला बाईंनी लिहिलेला थंड खोलीतला माणूस दिसत होता. तिनं फोन केला. बोलणं बरं झालं. अर्ज नव्या शाखेच्या प्रमुखांकडे गेला, बाईंच्या ओळींसकट. त्यांनीही आधी ओळी वाचल्या, मग अर्ज, आणि गुण सगळ्यात शेवटी.

मुलाखत झाली. मग दुसरी झाली. प्रत्येक वेळी साहेब जाताना डॉकवर यायचे, बाईंना वाकून नमस्कार केल्यासारखं करायचे आणि सांगायचे, ताई, आज असं विचारलं, मी असं सांगितलं. बाई ऐकून घ्यायच्या. आमच्यातला एक हमाल, आम्ही त्याला रेडिओ म्हणतो, तो म्हणायचा, बाईंनी जुन्या मालकाला पुन्हा गादीवर बसवला, याला म्हणतात मोठं मन. बाई त्याच्याकडे बघायच्या आणि तो रेडिओ आपोआप बंद व्हायचा.

भावाला कुठूनतरी कळलं. त्याचा फोन आला तेव्हा बाई डॉकवर ट्रक लावून घेत होत्या, म्हणून त्यांचं एका बाजूचं बोलणं आम्ही ऐकलं. तो बहुधा विचारत होता, हे काय चाललंय. बाई म्हणाल्या, चढू दे की त्याला. जिना चढल्याशिवाय वरून खाली दिसत नाही. तो काहीतरी समजावत असावा, कारण बाई फोन कानाला धरून हातानंच ट्रकला खुणा करत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तू सोड. तुला सोडायचा अधिकार आहे. मी तुझं नाही फेडत, मी माझं फेडतेय. तू ज्या वर्षांत माझ्याशी बोलला नाहीस ना, ती माझी वर्षं होती."

शेवटची फेरी आली. फेरी म्हणायची, नाहीतर ती नुसती सही होती. साहेबांना कागदपत्रं घेऊन बोलावलं होतं. ते नवे बूट घालून आले, गळ्यात पाहुण्यांचं कार्ड, आणि पाहुण्यांच्या खोलीत बसले. नव्या शाखेचे प्रमुख वरच्या मजल्यावर होते. वयानं बाईंपेक्षा लहान, पण माणूस नेटका, घाई न करणारा. त्यांनी बाईंना वर बोलावलं. भरतीवाली मुलगी फाईल घेऊन तिथेच बसली होती.

प्रमुख म्हणाले की इतर अर्जांत याहून बऱ्याच वरच्या गुणांची माणसं आहेत. त्यांची नावंही त्यांनी सांगितली. नुसते गुण बघितले असते तर त्यांनी या अर्जाला हात लावला नसता. पण बाईंनी आजवर सांगितलेलं चुकलेलं नाही, म्हणून ते घ्यायला तयार आहेत. सहीआधी शिफारस करणाऱ्याला एक प्रश्न ते नेहमी विचारतात.

"ताई, या माणसाच्या हाताखाली तुम्ही पुन्हा काम कराल?"

बाई म्हणाल्या, "नाही."

मुलगी सांगते, तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

प्रमुखांनी चष्मा काढला. "मग हे लिहिलंत ते?"

"ते खरं आहे. शब्द न् शब्द. माल वाचवला तो यांनीच. पण तुम्ही आत्ता विचारलंत ते फॉर्ममध्ये कुणी विचारलं नव्हतं." मग त्यांनी भावाची हकिगत सांगितली, न चढवता, न रडता, ट्रकचं वजन सांगावं तशी. आणि म्हणाल्या, "माझं नाव काढून घ्या यावरून. त्यानंतर तुम्हाला घ्यायचा तर घ्या. माझी काही हरकत नाही."

प्रमुखांनी फाईल स्वतःकडे ओढली. म्हणाले, हे तुमचं घरचं आहे ताई. बाई म्हणाल्या, असेल. पण उद्या तुमच्या शाखेत हा माणूस बसेल, त्याच्याकडे काट्यावरची एखादी पोरगी भावाचा कागद घेऊन जाईल, आणि हा खांद्यावर हात ठेवेल. ते घरचं नाही.

मग प्रमुख जे बोलले ते मुलीला बाईंच्या 'नाही'पेक्षा जास्त लागलं. ते म्हणाले, "तुमच्या नावावर मी आजवर शंका घ्यायला थांबलो नव्हतो. आता पुढच्या वेळी तुमचं नाव दिसलं, तर मी एकदा थांबेन. हे तुम्हाला चालणार आहे का?"

बाईंनी विचार केला. त्या खिडकीबाहेर काट्याकडे बघत होत्या म्हणे. डॉकवरच्या एका विधवेचा अर्ज बाईंच्या नावानं त्याच आठवड्यात आत गेला होता, हे त्यांना ठाऊक होतं आणि मुलीलाही. तरी त्या म्हणाल्या, "थांबा. थांबायलाच हवं."

प्रमुखांनी मुलीकडे बघून मान हलवली. तिनं बाईंचं नाव आणि त्यांच्या ओळी अर्जावरून काढल्या. नाव निघालं आणि पडद्यावर तोच कागद पुन्हा उघडला. मुलगी म्हणते, मी तेव्हा पहिल्यांदा दोन वर्षांची रिकामी जागा नीट पाहिली, आणि प्रमाणपत्र नसलेलं पाहिलं, आणि ते हवेतले शब्द वाचले. एक अक्षर बदललं नव्हतं. प्रमुखांनी कोपऱ्यातल्या छप्पन्नवर बोट ठेवलं आणि वरच्या गुणांची यादी मागितली.

बाई उठल्या. मुलगी म्हणाली, मी कळवते ताई त्यांना, मेल जाईल. बाई म्हणाल्या, नको, माझ्या भावाला कुणी कळवलं नव्हतं. मी जाते.

पाहुण्यांची खोली काचेची आहे, आवाराकडे तोंड करून. आम्ही डॉकवर माल चढवत होतो, आम्हाला दोघं दिसत होती. दार उघडं होतं, म्हणून जवळच्यांना ऐकूही येत होतं. साहेब उठले, शर्ट खाली ओढला आणि म्हणाले, "ताई, झालं ना?"

बाईंनी सांगितलं की नाही झालं. का नाही झालं तेही सांगितलं. वरून कुणी नाही म्हटलं, यंत्रानं नाही म्हटलं, असा आडोसा त्यांनी घेतला नाही. म्हणाल्या, माझ्या नावावर तुम्ही इथवर आला होतात, ते मी काढून घेतलं.

साहेबांना आधी समजेचना. ते हसले. मग हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि आतला माणूस निघून गेला. म्हणाले, "पण मी तुमच्या भावाबद्दल वाईट काही बोललोच नव्हतो."

"नव्हतातच."

"मला तर काही आठवतही नाही, ताई."

"त्याला आठवतं. मला आठवतं. तुमच्या वाटचंही आम्हीच आठवत बसलो होतो."

साहेब खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. आवाज खाली आणून म्हणाले की घरी सांगून आलेत. बायकोनं शेजारणीला सांगितलंय. मधे एक तात्पुरतं काम मिळालं होतं, तेही काल सोडलं. काम झालं असंच समजलं होतं.

हे ऐकून बाई थांबल्या. आमच्यातल्या रेडिओनं खोका तसाच हातात धरून ठेवला. मला वाटलं, आता बाई वितळणार. कुणीही वितळलं असतं. दोन पावलांवर एक म्हातारा माणूस नव्या बुटांत उभा होता आणि त्याच्या तोंडात, त्याला न कळता, त्यानंच त्यांच्या भावाला दिलेले शब्द आले होते.

बाई म्हणाल्या, "पुन्हा अर्ज करा साहेब. यंत्र वाचेल."

आणि वळल्या.

जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि आवार ओलांडून त्या थंड खोलीकडे निघाल्या, नेहमीच्या संथ चालीनं, मागे येणाऱ्या ट्रकसाठी सुद्धा पाऊल न बदलता. ट्रकवाल्यानंच ब्रेक दाबला. वरच्या मजल्याच्या खिडकीत भरतीवाली मुलगी उभी होती, तिच्यामागे टेबलावरचा फोन वाजत होता आणि ती उचलत नव्हती. आम्ही हातातला माल हातात धरून बघत होतो. बाईंनी प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा हातानं बाजूला केला, आतली पांढरी वाफ बाहेर आली, आणि त्या आत गेल्या. पट्ट्या एकमेकींवर आपटून स्थिर झाल्या. आम्ही कामाला लागलो. साहेब मात्र गळ्यातलं पाहुण्यांचं कार्ड मुठीत धरून, काचेच्या आतून तिकडेच बघत उभे होते.